गरम पाण्याचा पीएच सातच्या खाली जातो, तरी ते आम्ल का होत नाही?

शुद्ध पाणी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं आणि त्याचा पीएच नीट मोजता आला, तर तो ६.५ भरतो. १०० अंशांना तो ६.१ च्या आसपास येतो. सातच्या खाली म्हणजे आम्ल, हे आपण शाळेपासून पाठ केलेलं असतं. मग पाणी नुसतं तापवल्याने आम्ल झालं का? अजिबात नाही. ते आधीइतकंच उदासीन आहे. सरकली आहे ती उदासीनपणाची खूण. सात हा आकडा २५ अंशांपुरताच खरा आहे आणि पाठ्यपुस्तकांत ही अट बहुधा कंसात किंवा तळटीपेत दडलेली असते.

हे का होतं ते पाहायचं तर पाण्याच्या आत चाललेल्या एका घडामोडीपासून सुरुवात करायला हवी. पाण्याचे दोन रेणू शेजारी असताना कधीतरी एकातला प्रोटॉन दुसऱ्याकडे जातो. ज्याला तो मिळाला त्याचा हायड्रोनियम आयन होतो आणि ज्याने गमावला त्याचा हायड्रॉक्साइड आयन. लिहिताना सोयीसाठी हायड्रोनियमऐवजी नुसतं H⁺ लिहितात.

H₂O ⇌ H⁺ + OH⁻

ही फूट फार विरळ आहे. मानफ्रेड आयगन आणि लिओ द मेयर यांनी १९५५ च्या सुमारास या अभिक्रियेचा वेग मोजला. त्यावरून असं निघतं की २५ अंशांना पाण्याचा एखादा रेणू सरासरी ११ तासांतून एकदाच फुटतो. उलट सुटे झालेले दोन आयन समोरासमोर आले की जवळजवळ तत्क्षणी पुन्हा जुळतात. अशा अतिवेगवान अभिक्रियांच्या अभ्यासासाठी आयगन यांना १९६७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. फुटणं इतकं संथ आणि जुळणं इतकं झटपट, म्हणून कोणत्याही क्षणी साधारण ५५ कोटी रेणूंमागे एकच फुटलेला सापडतो. लिटरच्या हिशेबात २५ अंशांना H⁺ चं प्रमाण 10⁻⁷ मोल आणि OH⁻ चंही तेवढंच. या दोन प्रमाणांच्या गुणाकाराला पाण्याचा आयनिक गुणाकार म्हणतात.

Kw = [H⁺] × [OH⁻] = 1.0 × 10⁻¹⁴ (25 °C)

पीएच काढताना जसं H⁺ च्या प्रमाणाचं लॉगरिदम घेऊन चिन्ह उलटवतात, तसंच Kw चं केलं की pKw मिळतो, २५ अंशांना १४.००. तापमान ठरलेलं असेल तर हा गुणाकार ठाम असतो. त्यात आम्ल टाका, आम्लारी टाका, H⁺ वाढला की OH⁻ तेवढ्या पटीने घटतो. मीठ विरघळवल्यावर थोडा फरक पडतो, पण सौम्य द्रावणात तो बाजूला ठेवता येतो.

आता उदासीन म्हणजे काय? H⁺ आणि OH⁻ यांची संख्या सारखी, एवढंच. व्याख्येत सातचा उल्लेखच नाही. दोन्ही सारखे असतील तर प्रत्येकाचं प्रमाण Kw च्या वर्गमुळाएवढं, म्हणजे उदासीन पीएच हा pKw च्या बरोबर निम्मा. १४ चा निम्मा सात, म्हणून सात. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच वजन वाढवलं तर काटा मध्यावरच राहतो; पीएच मात्र काटा दाखवत नाही, तो एकाच पारड्यातलं वजन सांगतो. गरम पाण्याचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

तापमानाप्रमाणे मोजलेले आकडे असे आहेत:

| तापमान (अंश से.) | pKw | उदासीन पीएच |
|---|---|---|
| ० | १४.९४ | ७.४७ |
| २५ | १४.०० | ७.०० |
| ४० | १३.५४ | ६.७७ |
| ६० | १३.०२ | ६.५१ |
| १०० | १२.२६ | ६.१३ |

वरची ओळ नजरेतून सुटू नये. बर्फाच्या बेताचं थंड पाणी ७.४७ ला उदासीन असतं, म्हणजे त्या पाण्याचा पीएच अचूक सात आला तर ते किंचित आम्ल आहे. आपल्या शरीराच्या ३७ अंशांना उदासीन बिंदू ६.८१ आहे. रक्ताचा पीएच ७.४ असतो. ‘रक्त सातपेक्षा ०.४ ने अल्कधर्मी’ असं सर्रास म्हटलं जातं, पण शरीराच्या तापमानाला खरं अंतर ०.६ चं आहे.

तापवल्यावर फूट का वाढते याचं उत्तर बारावीच्या प्रयोगशाळेतच आहे. थर्माकोलच्या कपात एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली घ्यायचं, त्यात एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं ५० मिली द्रावण ओतायचं आणि थर्मामीटर पाहायचा. पारा साडेसहा-सात अंशांनी चढतो. ही उदासिनीकरणाची उष्णता, एक मोलमागे सुमारे ५६ किलोज्यूल. आम्ल नायट्रिक घेतलं किंवा आम्लारी पोटॅशियमची घेतली तरी आकडा जवळपास तोच येतो, कारण आम्ल आणि आम्लारी दोन्ही तीव्र असतील तर कपात खरी अभिक्रिया एकच घडत असते: H⁺ आणि OH⁻ जुळून पाणी होणं. बाकीचे आयन नुसते बघे.

हीच अभिक्रिया उलट्या दिशेने वाचली की पाण्याचं फुटणं मिळतं. जुळताना ५६ किलोज्यूल बाहेर पडत असतील, तर फुटताना तेवढेच आत घ्यावे लागणार. उष्णता शोषून घडणाऱ्या अभिक्रियेला तापमान वाढवलं की तिचा समतोल पुढे सरकतो, हे ल शातेलिएचं तत्त्व. म्हणून गरम पाण्यात आयन जास्त, Kw मोठा, pKw लहान आणि त्याचा निम्मा असलेला उदासीन पीएचही लहान.

किती सरकतो तेही या एका आकड्यावरून काढता येतं. व्हान्ट हॉफचं समीकरण वापरून २५ वरून ६० अंशांवर जाऊ. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, २९८.१५ आणि ३३३.१५.

```
ln(K2/K1) = (ΔH/R) × (1/T1 − 1/T2)
          = (55800/8.314) × (0.0033540 − 0.0030016)
          = 6712 × 0.0003524 = 2.365
K2/K1     = 10.6
pKw (60)  = 14.00 − 1.03 = 12.97
```

म्हणजे ३५ अंशांच्या वाढीत Kw साधारण दहापट होतो. मोजलेला pKw १३.०२ आहे, आपला १२.९७. शाळकरी आकडेमोडीला हे छान म्हणायला हवं. हाच हिशेब १०० अंशांपर्यंत ताणला तर १२.०३ येतो आणि मोजलेला १२.२६ आहे, इथे चूक डोळ्यांत भरते. कारण आपण ५६ किलोज्यूल हा आकडा सगळ्या तापमानांना सारखाच धरला. प्रत्यक्षात पाणी तापत जाईल तशी फुटण्यासाठी लागणारी उष्णता कमी होत जाते. उत्तरपत्रिकेत चालेल, पण १०० अंशांच्या पुढे हे समीकरण एका स्थिर आकड्यावर चालवू नये.

ही उष्णता कमी का होते, यात या विषयातली सर्वात मजेची गोष्ट आहे. दोन आयन सुटे राहू शकतात ते भोवतालच्या पाण्यामुळे. पाण्याचे रेणू आपली धन आणि ऋण टोकं वळवून आयनांभोवती कोंडाळं करतात आणि त्यांच्यातलं आकर्षण झाकतात. हे झाकण्याचं बळ परावैद्युत स्थिरांकाने मोजतात. तो २५ अंशांना ७८ च्या आसपास असतो, १०० अंशांना ५५ च्या जवळ येतो आणि दाबाखाली द्रव ठेवलेल्या २५० अंशांच्या पाण्यात २७ च्या घरात उतरतो. म्हणजे एकीकडे उष्णता रेणू फोडायला मदत करते आणि दुसरीकडे फुटलेल्यांना सांभाळणारं पाणी दुबळं आणि विरळ होत जातं. सुमारे २५० अंशांपर्यंत पहिली बाजू जिंकते. तिथे pKw ११.२ च्या आसपास तळ गाठतो, उदासीन पीएच ५.६. त्यापुढे दुसरी बाजू वरचढ होते आणि pKw पुन्हा चढू लागतो. ‘तापवलं की Kw वाढतो’ हे वाक्य घरच्या आणि प्रयोगशाळेतल्या पाण्याला लागू आहे. उच्च दाबाच्या बॉयलरच्या पोटात ते उलटू शकतं.

आयन खरंच वाढतात, याचा पुरावा पीएच मीटरविनाही मिळतो. फ्रीड्रिश कोलराउश आणि आडोल्फ हायडवायलर यांनी १८९४ मध्ये पाणी इतकं शुद्ध केलं की उरलेली विद्युतवाहकता जवळपास पाण्याच्या स्वतःच्या आयनांचीच होती. आजच्या अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. तेच पाणी १०० अंशांना नेलं की ती साधारण १४ पट होते. त्यातली दुपटीच्या आसपासची वाढ आयन गरम पाण्यात जलद सरकतात म्हणून होते. उरलेली सातपटीची वाढ आयनांच्या संख्येची, आणि Kw वरून वर्गमूळ काढलं तरी हाच आकडा येतो.

शुद्ध पाण्याचं कोडं असं सुटतं, पण कामाच्या ठिकाणी शुद्ध पाणी क्वचितच असतं. तिथे खरा प्रश्न असा की द्रावण तापवल्यावर त्याचा पीएच किती बदलेल. याला एकच उत्तर नाही. तीन भांडी घेऊ, तिन्ही आधी २५ अंशांना आणि मग ६० अंशांना, हवेपासून बंद.

पहिल्या भांड्यात 10⁻⁴ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. यातले H⁺ आम्लाने दिलेले, पाण्याच्या फुटीचा वाटा नगण्य. तापवल्याने आम्लाचं प्रमाण वाढत नाही, म्हणून पीएच २५ अंशांना ४.०० आणि ६० अंशांनाही ४.००. दुसऱ्या भांड्यात शुद्ध पाणी: ७.०० वरून ६.५१, म्हणजे अर्ध्याने घट. तिसऱ्यात 10⁻⁴ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, लिटरमागे ४ मिलिग्रॅम. इथे ठाम आहे तो OH⁻, 10⁻⁴. पण H⁺ चा हिशेब Kw भागिले OH⁻ असा लागतो आणि Kw दहापट झाला आहे. पीएच १०.०० वरून ९.०२ वर येतो. सोड्याचा एक कणही कमी झाला नाही, द्रावण तेवढंच अल्कधर्मी आहे, तरी पीएच जवळजवळ एक पूर्ण एककाने घसरला.

हा धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आम्ल बाजूला बदल शून्य, मध्यावर pKw च्या घटीच्या निम्मा, अल्क बाजूला पूर्ण घट. अल्कधर्मी गरम नमुन्याचा पीएच कमी आला म्हणून घाईने रसायन वाढवणाऱ्याची चूक नेमकी इथे होते.

आता मीटर. पीएच मीटरवर तापमान भरपाईची सोय असते, एटीसी म्हणतात तिला, आणि बहुतेकांचा समज असा की ती चालू केली की मीटर ‘२५ अंशांचा पीएच’ दाखवतो. तसं नाही. काचेचा इलेक्ट्रोड एका पीएच एककामागे किती मिलिव्होल्ट देतो हे तापमानावर अवलंबून असतं: २५ अंशांना ५९.१६, ६० अंशांना ६६.१. एटीसी फक्त हा इलेक्ट्रोडचा उतार सुधारते. पाण्याच्या रसायनात झालेला बदल ती ओळखत नाही, आणि ओळखूही शकत नाही, कारण नमुना आम्ल आहे की सोडा हे तिला कुठे माहीत?

तिसरं भांडं मीटरसमोर ठेवून पाहू. खरा पीएच ९.०२ आहे, सातपासून अंतर २.०२. इलेक्ट्रोडचा शून्य बिंदू पीएच सातला धरला तर ६० अंशांना विभवांतर 2.02 × 66.1, म्हणजे १३३.५ मिलिव्होल्ट. मीटर २५ अंशांवर अडकून पडला असेल, म्हणजे भरपाई बंद असेल किंवा तापमानाचा प्रोब भांड्याबाहेर लोंबत असेल, तर तो १३३.५ ला ५९.१६ ने भागून ९.२६ दाखवेल. भरपाई चालू असेल तर ९.०२ दाखवेल, आणि ते ६० अंशांचं खरं उत्तर आहे. २५ अंशांचे १०.०० यांपैकी कशातूनही मिळत नाहीत. ते हवे असतील तर नमुना थंड करावा लागतो, किंवा नमुन्यात काय आहे हे माहीत असेल तर मीटरमध्ये वेगळा द्रावण-गुणांक भरावा लागतो.

औष्णिक वीजकेंद्रांत हा रोजचा विषय आहे, मग ते कोराडी असो की चंद्रपूर. बॉयलरकडे जाणाऱ्या पाण्यात अमोनिया घालून पीएच नऊच्या वर ठेवतात, म्हणजे पोलादी नळ्या गंजत नाहीत. पाणी आणि वाफ यांचे नमुने एका पॅनेलवर आणतात, तिथे आधी कूलर आणि दाब कमी करण्याची व्यवस्था असते, आणि नमुना २५ अंशांजवळ आणूनच मीटरकडे सोडतात. ठरवून दिलेल्या मर्यादाही २५ अंशांच्याच असतात. उन्हाळ्यात थंड करणारं पाणीच तापलेलं असलं किंवा कूलरच्या नळीत क्षार धरले, की नमुना ३५ अंशांनी येऊ लागतो. अमोनियाचा स्वतःचा आम्लारी स्थिरांक तापमानाने फारसा हलत नाही, म्हणून OH⁻ जवळपास तेवढाच राहतो आणि घट सोड्यासारखी, अंशामागे ०.०३ ची होते. दहा अंशांत ०.३. बॉयलरमध्ये काहीही बदललेलं नसताना ९.२ च्या जागी ८.९ दिसतो.

इथे ऑपरेटरने अमोनियाचा डोस वाढवला तर नुकसान खरं होतं. कंडेन्सरमध्ये तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या असतील तर जास्त अमोनिया आणि ऑक्सिजन मिळून त्यांना खातात. कंडेन्सेट शुद्ध करणारी धनायन रेझीनही लवकर भरते. म्हणून पीएच उतरलेला दिसला की डोसिंग पंपाकडे जाण्याआधी नमुन्याचं तापमान पाहायचं, मग त्याच नमुन्याची विशिष्ट वाहकता पाहायची. अमोनिया खरंच कमी झाला असेल तर २५ अंशांना दुरुस्त केलेली वाहकताही उतरलेली असते. वाहकता जागेवर आणि पीएच एकटाच खाली असेल, तर संशय कूलरवर किंवा इलेक्ट्रोडवर घ्यायचा.

मीटर कॅलिब्रेट करतानाही तापमान मधे येतं, कारण बफर द्रावणांचे स्वतःचे आकडे सरकतात, आणि प्रत्येकाचे वेगवेगळे. फॉस्फेटचा ६.८६ चा बफर ५० अंशांना ६.८३ होतो, म्हणजे जेमतेम हलतो. बोरॅक्सचा ९.१८ चा मात्र ९.०१ वर उतरतो. बाटलीवर तापमानानुसार तक्ता छापलेला असतो. त्या क्षणाला बफर ज्या तापमानाला आहे तोच आकडा मीटरला सांगायचा. जैवरसायनाच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा ट्रिस बफर तर अंशामागे ०.०२८ ने घसरतो. चार अंशांच्या थंड खोलीत ७.४ ला बेतलेला ट्रिस ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ६.५ च्या जवळ जातो. त्यात Kw चा दोष नाही, ट्रिसचा स्वतःचा स्थिरांक तापमानाला फार संवेदनशील आहे.

हे सगळं वाचून कोणी स्वयंपाकघरात पाणी उकळून पीएच पट्टी बुडवेल, तर त्याला बहुधा उलटंच दिसेल. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. उकळताना वायू निघून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊ लागतं आणि थंड करून मोजल्यास पीएच आधीपेक्षा वर गेलेला असतो. पट्टीवरच्या रंगद्रव्यांचे स्थिरांकही तापमानाने हलतात, त्यामुळे गरम पाण्यात बुडवलेल्या पट्टीचा रंग डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

डिस्टिल्ड पाण्यातही सात सहजी मिळत नाही. उघड्या बीकरमध्ये ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि २५ अंशांना ५.६-५.७ वर स्थिरावतं. हे पाणी मात्र खरोखर आम्ल आहे, कार्बोनिक आम्लामुळे; त्यात H⁺ हे OH⁻ पेक्षा कित्येक पट जास्त आहेत. तेव्हा ‘६.१ आला’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. १०० अंशांच्या बंद, शुद्ध पाण्यात तो आला तर पाणी उदासीन. २५ अंशांच्या उघड्या बीकरमध्ये आला तर त्यात कार्बन डायऑक्साइड शिरला आहे. शिवाय इतक्या शुद्ध पाण्यात आयन नसल्यात जमा असल्याने इलेक्ट्रोड धड स्थिर होत नाही, आकडा मिनिटामिनिटाला भटकतो. तिथे बीकर वापरायचाच नाही. नमुना वाहता ठेवून मोजणारं बंद पात्र घ्यायचं, स्टीलच्या नळीतून पाणी संथ आणि एकसारखं सोडायचं आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहायची.